भाडं महिन्याच्या सुरुवातीला की शेवटी? वर्षाचं एकरकमी द्यायचं तर हिशोब कुठे चुकतोय

कोराकागद
मंडळी, एका छोट्याशा हिशोबावरून घरात दोन तट पडलेत, निकाल लावून द्या. जागा भाड्याने घेतोय. भाडं महिना १०,०००, दर महिन्याच्या १ तारखेला आगाऊ द्यायचं, करार एक वर्षाचा म्हणजे एकूण १२ वेळा. मालक म्हणतात वर्षाचं एकदम दिलंत तर १,२०,००० ऐवजी १,१३,००० द्या.

पैसे हाताशी आहेत. पण ते मालकांना दिले नाहीत तर मी ते माझ्या ओव्हरड्राफ्ट खात्यात भरून ठेवणार, तिथे महिन्याला १ टक्का व्याज लागतं, भरलं की तेवढं व्याज वाचतं आणि लागलं की परत काढता येतं. म्हणून १ टक्का हाच दर धरला आणि शीटमध्ये हे टाकलं

```
=PV(1%,12,-10000)
```

उत्तर आलं १,१२,५५१. म्हणजे बारा भाड्यांची आजची किंमत १,१२,५५१ आणि मालक मागतायत १,१३,०००, म्हणजे ४४९ चा तोटा, त्यापेक्षा दरमहा दिलेलं बरं. बायकोने तोच हिशोब कागदावर एकेक महिना मांडून केला आणि ती म्हणते ६७६ चा फायदा आहे, देऊन टाक. दोघांचा दर एकच, भाडं एकच. मग कोण चुकतंय?

रिकामटेकडा
तुम्ही. यात शीट उघडण्यासारखं काय होतं?

खातेवही
रिकामटेकडा यांनी न मोजता दिलेलं उत्तर बरोबर आहे :)

तुम्ही जे सूत्र टाकलंत त्यात शेवटचा रकाना रिकामा सोडला, आणि तो रिकामा असला की शीट असं धरते की प्रत्येक हप्ता महिन्याच्या शेवटी जातोय. कर्जाचा ईएमआय तसाच असतो ना, आज कर्ज उचललं की पहिला हप्ता महिन्याने, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच गृहीत असतं. त्याला ऑर्डिनरी ऍन्युइटी म्हणतात. भाडं मात्र राहायला गेलात त्याच दिवशी द्यायचंय, म्हणजे पहिले १०,००० आजचे आजच गेले, त्यांच्यावर वाट बघण्याचा एक दिवसही नाही. ते आजही १०,०००च. उरली ११ भाडी, ती एक महिन्याने, दोन महिन्यांनी अशी जाणार, त्यांची आजची किंमत १,०३,६७६ येते. दोन्ही मिळून १,१३,६७६. ही झाली ऍन्युइटी ड्यू. मालक मागतायत १,१३,०००, म्हणजे वहिनींचे ६७६ बरोबर.

तुमच्या शीटने बाराही भाडी एकेक महिना उशिरा दिली. प्रत्येक हप्ता एक महिना पुढे सरकला म्हणून सगळ्या बेरजेला १.०१ ने भाग गेला, बाकी काही नाही. १,१२,५५१ ला १.०१ ने गुणून बघा, वहिनींचा आकडा येईल.

उडतापतंग
ऍन्युइटी घेऊ नका असा माझा प्रामाणिक सल्ला. एका ओळखीच्यांनी निवृत्तीचे पैसे ऍन्युइटीत टाकले, आता मुद्दलाला हात लावता येत नाही आणि दरमहा जे येतं ते वाढत नाही. त्यापेक्षा ठेव बरी.

कोराकागद
उडतापतंग, इथे विमा कंपनीची ऍन्युइटी नाहीये हो. ठरावीक काळाने ठरावीक रक्कम जाते किंवा येते त्या सगळ्यालाच तो शब्द वापरतात असं दिसतं. मलाही कालच कळलं.

उडतापतंग
अच्छा. तरी घेऊ नका.

पाढेपाठ
मला हे पटत नाही. इतकी सूत्रं कशाला? ७,००० वाचवायला १,१३,००० आज द्यायचे, ७,००० भागिले १,१३,००० म्हणजे ६.२ टक्के. तुमचं ओव्हरड्राफ्ट वर्षाला १२ टक्क्याचं. ६ टक्के मिळवायला १२ टक्के सोडायचे? सुरुवात असो की शेवट, धडधडीत तोटा आहे. वहिनींना हे दाखवा.

खातेवही
पाढेपाठ, भागाकार बरोबर आहे पण मुदत विसरलात. तो ६.२ टक्के वर्षभरासाठी अडकलेल्या पैशावर असता तर तुमचं म्हणणं मान्य होतं. पण सगळे १,१३,००० वर्षभर कुठे अडकलेत? पहिले १०,००० तर दोन्ही बाजूंनी आजच जाणार होते, एकरकमी द्या नाहीतर दरमहा द्या. ते बाजूला काढा. म्हणजे मालकांना तुम्ही खरे १,०३,००० आगाऊ दिलेत आणि त्या बदल्यात पुढची ११ भाडी माफ झाली. त्यातलं पहिलं एक महिन्याने वाचतं, शेवटचं ११ महिन्यांनी, सरासरी काढली तर सहा महिने. म्हणजे १,०३,००० वर ७,००० मिळाले, ६.८ टक्के झाले, आणि तेही सहा महिन्यांत. वर्षाचे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. १२ पेक्षा जास्त, म्हणून फायदा.

हा अंदाज आहे, नेमका दर शीट देईल

```
=RATE(12,-10000,113000,0,1)
```

महिन्याला १.११ टक्के येतो.

पाढेपाठ
सरासरी काढून व्याज काढायचं हे मी शाळेत शिकलो नाही. पण ११ भाड्यांचा मुद्दा समजला. तरीही मनातून वाटतंय तोटाच आहे, बघा पुढे काय होतं ते.

निळीशाई
मी पण करून बघितलं. कुठेतरी वाचलेलं की आगाऊ असेल तर शेवटी 1 लिहायचा. तसं लिहिलं

```
=PV(1%,12,-10000,1)
```

आणि उत्तर आलं १,१२,५५०. आधी १,१२,५५१ होतं. म्हणजे फरक जेमतेम एकाचा?? एवढ्यासाठी हा सगळा धागा?

खातेवही
निळीशाई, तुमचा 1 चुकीच्या खुर्चीत बसलाय. चौथी जागा ही शेवटी उरणाऱ्या रकमेची आहे, तिथे 1 लिहिला म्हणजे शीटला वाटलं वर्ष संपल्यावर एक नाणं शिल्लक राहणार, त्या एका नाण्याची आजची किंमत ०.८९, तेवढा फरक पडला. सुरुवात की शेवट हे पाचव्या जागी सांगायचं. चौथ्या जागी शून्य लिहा आणि मग 1

```
=PV(1%,12,-10000,0,1)
```

आता १,१३,६७६ येईल. ही चूक फार जण करतात आणि लक्षात येत नाही कारण शीट एरर देत नाही, आकडाही पटण्यासारखा येतो. ओळखायचं कसं तर आधीच्या उत्तराला १.०१ ने गुणून बघायचं, तेवढं वाढलं नसेल तर 1 भलतीकडे गेलाय.

निळीशाई
आलं! आणि मी ऑफिसात एका मोठ्या तक्त्यात हेच केलंय बहुतेक. सोमवारी सकाळी लवकर जाते.

बोरूबहाद्दर
निळीशाई यांचं वाचून माझं जुनं दुखणं आठवलं. हिशोबाच्या कॅल्क्युलेटरवर सुरुवात-शेवट बदलायची सोय असते, सुरुवातीला ठेवलं की पडद्यावर बारीक अक्षरात BGN दिसतं. एकदा भाडेकराराचं एक काम होतं म्हणून ते लावलं आणि काढायचं विसरलो. मशीन बंद करून चालू केलं तरी ते तसंच राहतं हे मला माहीत नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी लोकांच्या कर्जांचे हप्ते काढून देत होतो आणि सगळे किंचित कमी येत होते. एकाने स्वतःचा आकडा आणून दाखवला तेव्हा कळलं. १ टक्का महिना दर असेल तर हप्ता १.०१ ने भागलेला येतो, म्हणजे १०,००० चा ९,९०१, नुसत्या नजरेला काही खटकत नाही. तेव्हापासून कुठलाही हिशोब करायच्या आधी मी एक हप्ता, दर १ टक्का, रक्कम १०१ असं टाकून बघतो. उत्तर १०० आलं तर शेवटवर आहे, १०१ आलं तर सुरुवातीवर. एक हप्ता आणि तो आजच द्यायचा तर त्याची किंमत कमी होईलच कशी?

रिकामटेकडा
तीन आठवडे कर्जदारांच्या दुव्यात घालवलेत, पुण्य लागलं असेल.

बोरूबहाद्दर
दुवे नाही मिळाले, दुरुस्तीची पत्रं टाकायला लागली.

तिसरीघंटा
थोडं अवांतर. मला एक गंमत कळली ती सांगते, खातेवहींनी तपासावी. सुरुवात आणि शेवट या दोन रांगा शेजारी शेजारी मांडल्या तर मधली ११ भाडी दोन्हीकडे त्याच तारखांना पडतात. फरक फक्त दोन टोकांना. सुरुवातवाल्यात आजचं एक भाडं जास्त आहे आणि शेवटवाल्यात वर्षअखेरचं एक जास्त. म्हणजे सगळा वाद एका भाड्याचा आहे, ते आज द्यायचं की १२ महिन्यांनी. आज दिलं तर १०,०००, वर्षाने दिलं तर त्याची आजची किंमत ८,८७४. फरक १,१२६, तोच तुमचा १,१३,६७६ वजा १,१२,५५१, एकाचा फरक दिसतो तो पैसे सोडून दिल्यामुळे.

म्हणून करार कितीही लांब असला तरी हा फरक एका भाड्याच्या वर जाऊच शकत नाही. पाच वर्षांचा केला तर ४,५०० च्या आसपास. आणि कायमचं, कधीच न संपणारं भाडं धरलं तर बरोब्बर एक भाडं, कारण शेवटचं कधी येतच नाही.

खातेवही
अगदी बरोबर, आणि माझ्या १.०१ पेक्षा हे समजायला सोपं आहे.

पाढेपाठ
कधीच न संपणारं भाडं ही कल्पना नाही, मी ते देतोय.

गणपूर्ती
सगळे १ टक्क्यालाच का धरून बसलेत? माझे पैसे साध्या ठेवीत पडून आहेत, महिन्याला अर्धा टक्का. मी करून बघितलं, अर्ध्या टक्क्याने शेवट धरला तर १,१६,१८९ आणि सुरुवात धरली तर १,१६,७७०. मालक १,१३,००० मागत असतील तर दोन्ही प्रकारे द्यायलाच हवेत. म्हणजे माझ्यासाठी हा वादच नाही.

खातेवही
हो, कारण तुमच्याकडे १,१३,००० दोन्ही आकड्यांच्या बरंच खाली आहे. कोराकागद यांचं नशीब असं की मालकांचा आकडा दोन्हींच्या बरोबर मधे पडला, म्हणून सूत्र बदललं की निर्णयच उलटतो. एरवी ही चूक करूनही लोकांचं काही बिघडत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकते.

कोराकागद
सगळ्यांचे आभार. काल बायकोची माफी मागून मालकांना फोन केला की देतो एकरकमी. तेव्हा एक गोष्ट कळली ती इथे लिहिणं भाग आहे. जागा मिळणार उद्यापासून बरोबर एक महिन्याने, पहिलं भाडं दरमहावाल्या प्रकारातही तेव्हाच. पण सवलत हवी तर १,१३,००० त्यांना आत्ताच हवेत, १ तारखेला म्हणजे उद्या, सही करताना. मी म्हटलं त्यात काय, देऊन टाकतो. आता बरोबर ना?

खातेवही
थांबा! देऊ नका अजून.

आता परत सगळं बदललं. उद्याच्या दिवसावर उभे राहून बघा. पहिलं भाडं एक महिन्याने, दुसरं दोन महिन्यांनी, बारावं बारा महिन्यांनी. ही तर तुमची पहिली शीट. १,१२,५५१. भाडं तेच, तारखा त्याच, पण तुम्ही मोजताय तो दिवस एक महिना अलीकडे आला आणि ड्यू होतं ते ऑर्डिनरी झालं. चूक माझी पण आहे, पैसे नेमके कोणत्या दिवशी द्यायचेत हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवं होतं. भाडं आगाऊ असतं म्हणून ते ड्यूच, असं मीही गृहीत धरलं. खरं तर मोजायच्या दिवशीच पहिला हप्ता पडतोय का, एवढंच बघायचं असतं.

दुसऱ्या बाजूने पडताळा घ्या. १,१३,००० महिनाभर आधी दिले तर ओव्हरड्राफ्टवर त्याचं व्याज १,१३०. राहायला जायच्या दिवशी दिले असते तर फायदा ६७६ होता. १,१३० मधून ६७६ गेले, ४५४ चा तोटा, हा राहायला जायच्या दिवसाचा. आजच्या किमतीत आणायला १.०१ ने भागा, ४४९. तुमचा पहिला आकडा.

रिकामटेकडा
म्हणजे चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर त्याने पहिल्याच पोस्टमध्ये दिलं होतं आणि माफी मागून बसला. माफी परत घेता येते का?

पाढेपाठ
मी पहिल्यापासून सांगत होतो तोटा आहे.

तिसरीघंटा
तुम्ही ६ टक्क्यामुळे तोटा सांगत होता, तो भागाकार अजूनही चुकलेलाच आहे! आत्ताच्या हिशोबात १२ भाडी सरासरी साडेसहा महिन्यांनी वाचतात, ६.२ टक्के साडेसहा महिन्यांत म्हणजे वर्षाला साडेअकराच्या जवळ. महिन्याला ०.९४. १ टक्क्याच्या जरासं खाली, म्हणून तोटा. तुमच्या पद्धतीने गेलं तर गणपूर्तींच्या ६ टक्क्यांपुढे जेमतेम फायदा निघेल, आणि त्यांना तर उद्या दिले तरी चांगला फायदा आहे.

पाढेपाठ
उत्तर बरोबर आलं की मार्क मिळतात.

गणपूर्ती
मला तर जागाच घ्यायची नाहीये, मी सहज मोजत होतो.

वाटसरू_७
पहिल्यापासून वाचतोय. तुम्ही सगळे सहाशे-सातशेच्या फरकावर भांडताय पण सहा महिन्यांनी जागा सोडावी लागली तर? दरमहावाला पुढचं भाडं थांबवतो आणि निघतो. एकरकमीवाल्याचे पुढचे सहा महिने मालकाच्या खिशात. माझं असंच झालं होतं, अचानक बदली झाली, उरलेले पैसे मिळायला आठ महिने लागले आणि मिळाले तेही कापून. परतफेडीचं करारात काही लिहिलेलंच नव्हतं.

खातेवही
हा मुद्दा खरा आहे आणि कुठल्याच सूत्रात बसत नाही. काही जण यासाठी दर थोडा चढा धरतात, म्हणजे १ ऐवजी सव्वा टक्का. तसं केलं तर राहायला जायच्या दिवशी दिले तरी १,१३,००० महागच पडतात, कारण त्या व्यवहाराचा स्वतःचा दर १.११ आहे. पण सव्वाच का, दीड का नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी असतो तर दर न वाढवता करारात लिहून घेतलं असतं की मधे सोडलं तर न राहिलेल्या महिन्यांचे पैसे किती दिवसांत परत.

बोरूबहाद्दर
मला दर वाढवणं बरं वाटतं. लिहून घेतलेलं वसूल करायलाही वेळ जातोच, वाटसरूंना विचारा.

वाटसरू_७
आमच्या करारात ते कलमच नव्हतं म्हणून मला काय विचारणार. पण बोरूबहाद्दरांशी सहमत.

निळीशाई
मग मधला मार्ग? पैसे उद्या नाही आणि राहायला जायच्या दिवशीही नाही, मधेच कधीतरी द्यायचे. साधारण कितव्या दिवशी फायदा संपतो?

खातेवही
छान प्रश्न. राहायला जायच्या दिवशीची किंमत १,१३,६७६, ती १,१३,००० पर्यंत उतरायला किती दिवस मागे जावं लागेल ते बघायचं. १ टक्का महिना दराने साधारण १८ दिवस. म्हणजे जागेचा ताबा मिळायच्या १८ दिवसांच्या आत दिले तर कोराकागद फायद्यात, त्याआधी दिले तर तोट्यात. पंधरा दिवस आधी दिले तर शंभर-सव्वाशेचा फायदा उरतो.

कोराकागद
मालकांना दोन पर्याय कळवले, एकतर १,१३,००० ताबा घेताना, नाहीतर उद्याच हवे असतील तर १,१२,५००. आणि वाटसरूंचं परतफेडीचं कलमही घातलं. उत्तर आलं, "कलमाचं ठीक आहे, बाकी मुलगा आला की विचारतो, हिशोब तो बघतो."

रिकामटेकडा
मुलाचा आयडी इथे कुठला आहे ते आधी शोधा, गणपूर्ती तर नव्हे?

गणपूर्ती
नाही हो. पण असतो तर १,१२,५५१ च्या खाली आलो नसतो.